इंग्रजी सुधारतंय की नाही, हे सहा महिन्यांत कसं मोजायचं: ए२ ते बी१ या टप्प्यासाठी

इंग्रजी शिकताना पहिले काही आठवडे प्रगती दिसते, कारण रोज नवं काहीतरी समजत असतं. सोपी वाक्यं जमू लागली की मात्र महिनोन्महिने आहोत तिथेच असल्यासारखं वाटतं. या टप्प्यावर बहुतेक जण अंदाजावर चालतात. एखाद्या दिवशी फोनवर नीट बोलता आलं की 'सुधारलं' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी शब्द सुचला नाही की 'काहीच येत नाही' म्हणतात. दोन्ही निष्कर्ष एकाच दिवसावर बेतलेले असतात.

हा लेख नेमक्या त्या मधल्या टप्प्याबद्दल आहे. साधी वाक्यं येतात, पण सलग बोलता येत नाही, अशा माणसाने पुढच्या पायरीपर्यंतचं अंतर सहा महिन्यांत कसं मोजावं ते इथे दिलं आहे. त्यासाठी एक वही, फोनमधला रेकॉर्डर आणि महिन्याला साधारण दीड तास लागतो.

पायरी म्हणजे काय, आणि ती दर महिन्याला का मोजू नये

भाषेच्या पायऱ्यांची सगळ्यात जास्त वापरली जाणारी मांडणी कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली प्रसिद्ध केली. तिला सीईएफआर म्हणतात. तिच्यात सहा पायऱ्या आहेत: ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. प्रत्येक पायरीचं वर्णन व्याकरणाच्या धड्यांवरून केलेलं नाही, 'मला काय करता येतं' यावरून केलेलं आहे. याच मांडणीत स्वतःला तपासण्यासाठी एक तक्ताही आहे. त्यात ऐकणं, वाचणं, संवाद, सलग बोलणं आणि लिहिणं अशी पाच कौशल्यं आणि सहा पायऱ्या मिळून तीस चौकटी होतात.

सुरुवात या तक्त्यापासून करा, पण पाचही कौशल्यं वेगवेगळी वाचा. 'मी ए२ आहे' असं एकच उत्तर सहसा खरं नसतं. शाळेत इंग्रजी वाचून शिकलेल्या माणसाचं वाचन बी१ला आणि संवाद ए१च्या शेवटाला असणं अगदी नेहमीचं आहे. प्रत्येक कौशल्यात खालून वर वाचत जा आणि जी चौकट वाचताना 'हे मला कधीकधीच जमतं' असं वाटेल, तिथे थांबा. तिच्या खालची चौकट ही तुमची आजची पायरी. पाच कौशल्यांच्या पाच पायऱ्या तारखेसह वहीत लिहा.

ए२ आणि बी१ यांत फरक कुठे पडतो, हे समजलं तर पुढचं सगळं सोपं होतं. ए२च्या माणसाला छोट्या, नेहमीच्या देवाणघेवाणी जमतात, पण संभाषण पुढे नेण्याइतकं त्याला समजत नसतं. समोरच्याने थोडी वाट वाकडी केली की तो अडकतो. बी१च्या माणसाला ओळखीच्या विषयावर तयारी न करता संभाषणात उतरता येतं, अनुभव आणि बेत एकाला एक जोडून सांगता येतात, आणि आपल्या मताचं थोडक्यात कारण देता येतं. म्हणजे खरा बदल शब्दसंख्येत नाही. तो वाक्यं जोडण्यात आणि तयारीविना बोलण्यात आहे. म्हणून मोजायचं ते तेच.

आता वेळेचा हिशेब. केंब्रिज परीक्षा मंडळाच्या अंदाजानुसार अगदी सुरुवातीपासून ए२पर्यंत यायला शिक्षकाच्या मार्गदर्शनाचे १८० ते २०० तास लागतात आणि बी१पर्यंत ३५० ते ४००. म्हणजे या दोन पायऱ्यांमध्ये साधारण १५० ते २०० तास आहेत. आठवड्यातले पाच दिवस रोज एक तास दिला तर महिन्याला वीस तास होतात आणि पायरी चढायला आठ ते दहा महिने लागतात. त्यामुळे दर महिन्याला ऑनलाइन पायरी-चाचणी देणं निरुपयोगी आहे. त्या काळात पायरी बदलणारच नसते, आणि चाचणीचा निकाल बदलला तर तो बहुधा प्रश्न सोपे-अवघड पडल्यामुळे बदललेला असतो. महिन्याला मोजायची गोष्ट पायरीहून बारीक हवी.

वीस ओळींची तपासयादी

ती बारीक गोष्ट म्हणजे तपासयादी. पाच कौशल्यांसाठी प्रत्येकी चार, अशा वीस ओळी पुरतात. पन्नास ओळींची तयार यादी मिळाली तरी ती वापरू नका, कारण तिसऱ्या महिन्यात माणूस ती न वाचताच खुणा करत सुटतो.

तक्त्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरवूनही चालत नाही. 'ओळखीच्या विषयावर बोलता येतं' या वाक्याला तुम्ही आनंदी दिवशी हो म्हणाल आणि थकलेल्या दिवशी नाही. ओळीत चार गोष्टी हव्यात: काय करायचं, कशाबद्दल, किती लांब आणि कोणत्या अटीवर. सलग बोलण्याची एक ओळ अशी होते: 'गेल्या आठवड्यातला एखादा प्रसंग दोन मिनिटं, कागद न पाहता, घडला त्या क्रमाने सांगता येतो.' संवादाची: 'समोरच्याने अनपेक्षित प्रश्न विचारला तर मराठीत न वळता, किमान दोन वाक्यांत उत्तर देता येतं.' ऐकण्याची: 'ओळखीच्या विषयावरचं स्पष्ट, सावकाश बोलणं तीन मिनिटं एकदाच ऐकून त्यातले तीन मुख्य मुद्दे सांगता येतात.' लिहिण्याची: 'झालेल्या अडचणीबद्दल शंभर शब्दांचा ईमेल वीस मिनिटांत, भाषांतराचं ॲप न उघडता लिहिता येतो.' उरलेल्या ओळी तुमच्या कामाच्या घ्या. ज्याला इंग्रजीत मीटिंगला बसावं लागतं त्याची यादी आणि ज्याला मुलांच्या अभ्यासात मदत करायची आहे त्याची यादी एकसारखी असायचं कारण नाही. अवघडपणा मात्र बी१च्या वर्णनाएवढाच ठेवा.

प्रत्येक ओळीला शून्य ते तीन गुण द्या. शून्य म्हणजे जमत नाही. एक म्हणजे तयारी करून, कुणाच्या मदतीने किंवा समोरच्याने पुन्हापुन्हा सांगितल्यावर जमतं. दोन म्हणजे एकट्याने जमतं, पण जोर लावावा लागतो. तीन म्हणजे कुठल्याही साध्या दिवशी सहज जमतं. दोन किंवा तीन गुण द्यायचे असतील तर शेजारी पुरावा लिहायचा, म्हणजे तारीख आणि काय केलं ते: '१२ तारीख, बिघडलेल्या प्रिंटरबद्दल फोन, स्वतः बोललो'. पुरावा आठवत नसेल तर गुण एक. हा नियम कडक वाटेल, पण तोच या यादीचा कणा आहे. स्वतःला तपासताना माणूस 'मला हे माहीत आहे' आणि 'मी हे केलं आहे' यांची गल्लत करतो. नियम माहीत असतो, शब्द ओळखीचा असतो, म्हणून येतं असं वाटतं. पुरावा मागितला की ही गल्लत लगेच उघडी पडते.

यादी दोन महिन्यांतून एकदा भरा, आणि भरताना मागचे गुण झाकून ठेवा. मागचा आकडा समोर असला की हात आपोआप त्याहून एक जास्त लिहितो. वीसपैकी सोळा ओळींना दोन किंवा जास्त गुण असतील, आणि कुठल्याही कौशल्यात चारपैकी दोनपेक्षा कमी ओळी नसतील, तर बी१ गाठली असं धरायला हरकत नाही. हा व्यवहारात चालणारा नियम आहे, प्रमाणपत्र नव्हे.

महिन्याचं रेकॉर्डिंग

तपासयादी रुंदी दाखवते. खोली दाखवायला एकच काम दर महिन्याला त्याच पद्धतीने करायचं. बोलण्यासाठी ते काम असं.

सुरुवातीलाच बारा चिठ्ठ्या तयार करा. प्रत्येकीवर घडून गेलेल्या प्रसंगाचा विषय हवा: एखादी वस्तू हरवली ती वेळ, गैरसमजातून झालेलं भांडण, पहिल्यांदा केलेला लांबचा प्रवास, मोडलेला बेत. सगळे विषय 'काय झालं ते सांगा' याच जातीचे हवेत. एका महिन्यात प्रसंग आणि दुसऱ्या महिन्यात मत मांडायला घेतलंत तर आकड्यांची तुलना होणार नाही, कारण मत मांडताना जवळजवळ सगळेच जास्त अडखळतात.

महिन्याच्या ठरलेल्या दिवशी एक चिठ्ठी उचला. एक मिनिट विचार करा, काही लिहू नका, आणि दोन मिनिटं बोला. मध्ये चूक झाली तरी रेकॉर्डर थांबवू नका आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. दुसऱ्यांदा सांगितलेला प्रसंग नेहमीच जास्त सफाईदार होतो, त्यामुळे एकदा पुन्हा केलंत तर त्या महिन्याचा आकडा बाद. फाइलला तारीख द्या आणि पुसू नका.

दुसऱ्या दिवशी ते ऐकून शब्दन् शब्द लिहून काढा. यात अर्धा तास जातो आणि कंटाळा येतो, पण मोजणी याच कागदावर होते. तीन गोष्टी मोजा.

पहिली, वेग. तिसाव्या सेकंदापासून नव्वदाव्या सेकंदापर्यंतचं मधलं एक मिनिट घ्या आणि त्यातले शब्द मोजा. 'अं', 'म्हणजे' वगैरे आणि अडखळून पुन्हा उच्चारलेले शब्द सोडून द्या. सुरुवातीची तीस सेकंदं घेऊ नयेत, कारण पहिली दोन-तीन वाक्यं त्या विचाराच्या मिनिटात मनात तयार झालेली असतात.

दुसरी, त्याच मिनिटातले थांबे. मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणून होईल इतका, म्हणजे साधारण दोन सेकंदांहून लांब थांबा तेवढा मोजा. थांबा कुठे आला त्याची खूणही कागदावर करा. दोन वाक्यांच्या मध्ये थांबणं चांगले बोलणारेही करतात. 'आय वेंट टू द…' असं वाक्याच्या पोटात थांबणं म्हणजे शब्द किंवा रचना सापडत नाहीये.

तिसरी, एकाच निवडलेल्या व्याकरणाच्या मुद्द्याची अचूकता. सगळ्या चुका मोजायला जाऊ नका. कोणती चूक एक आणि कोणती दोन, हे ठरवण्यातच वेळ जातो आणि पुढच्या महिन्यात तुम्ही वेगळं ठरवता. प्रसंग सांगताना भूतकाळ लागतोच, म्हणून तो मुद्दा घ्या. पूर्ण दोन मिनिटांत जिथे जिथे भूतकाळाचं रूप यायला हवं होतं त्या सगळ्या जागा अधोरेखित करा आणि त्यांतल्या किती जागी ते बरोबर आलं ते मोजा. 'यस्टरडे आय गो देअर अँड ही टोल्ड मी' यात जागा दोन, बरोबर एक. अशा पद्धतीत आकडे दोन मिळतात, जागा किती आणि बरोबर किती. दोन्ही लिहून ठेवा. काही जण चुकायच्या भीतीने त्या रचनेच्या वाटेलाच जात नाहीत. मग चुका कमी दिसतात, पण जागाही कमी झालेल्या असतात, आणि तीच खरी बातमी असते.

भूतकाळ पक्का झाल्यावर पुढच्या सहामाहीत 'अ', 'अॅन', 'द' ही उपपदं घ्या. मराठीत उपपदं नसल्यामुळे मराठी भाषकाच्या बोलण्यातून ती फार काळ गळत राहतात. ती सुधारायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच सहामाहीत मोजून निराश होण्यात अर्थ नाही.

सुरुवात दोनदा मोजा

इथे बहुतेकांकडून राहून जाणारी एक पायरी आहे. पहिल्या आठवड्यात दोन रेकॉर्डिंग करा, दोन वेगळ्या दिवशी आणि दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर. तीन-चार दिवसांत इंग्रजी सुधारत नाही. तरीही दोन आकड्यांत फरक येईल. तो फरक विषयाचा, झोपेचा, मूडचा आहे. त्याला तुमच्या मोजणीचा 'हेलकावा' म्हणा आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढे कुठल्याही महिन्यातला बदल या हेलकाव्यापेक्षा लहान असेल तर तो बदल नाही. तो वरचा असला तरी नाही आणि खालचा असला तरी नाही. दोनच मोजण्यांवरून काढलेला हेलकावा ढोबळ असतो, पण तोही नसला तर दर महिन्याला उगाच खूश किंवा नाराज व्हायला होतं.

ऐकण्याची मोजणी दर तीन महिन्यांनी

ऐकणं तपासायला श्रुतलेखनासारखं साधं साधन नाही. एकाच कार्यक्रमाचे, शक्यतो एकाच निवेदकाचे भाग निवडा, ज्यांचा लिखित मजकूरही मिळतो. भागाच्या मधून एका मिनिटाचा तुकडा घ्या. तो तीनदा ऐका, हवं तिथे थांबवा, ऐकू आलं तसं लिहा. मग मूळ मजकुराशी ताडून किती शब्द बरोबर आले ते टक्क्यांत काढा.

टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं काम पुढचं आहे. चुकलेले शब्द तीन ढिगांत घाला. पहिल्यात असे शब्द, जे वाचूनही तुम्हाला कळत नाहीत. दुसऱ्यात असे, जे वाचल्यावर 'अरे, हा तर माहीत होता' असं वाटतं. तिसऱ्यात 'ऑफ', 'टू', 'द' असे बारके शब्द आणि शब्दांचे गळालेले शेवट.

ए२ ते बी१च्या टप्प्यावर दुसरा ढीग सहसा सगळ्यात मोठा निघतो आणि शिकणाऱ्याला त्याचं आश्चर्य वाटतं. कारण असं की बोलताना इंग्रजी शब्द एकमेकांत मिसळतात आणि जोर नसलेले शब्द आकसतात. 'हिम'चा 'इम' होतो, 'अँड'चा 'अन', आणि 'व्हॉट डिड यू' हे तीन शब्द एका दमात निघतात. शब्द डोळ्यांना माहीत असतो, कानांना नसतो. अशा माणसाने नवे शब्द पाठ करून ऐकणं सुधारत नाही. त्याने माहीत असलेल्या शब्दांचा मजकूर समोर ठेवून तोच तुकडा पुन्हापुन्हा ऐकायला हवा. पहिला ढीग मोठा असेल तर मात्र शब्द वाढवण्यालाच पर्याय नाही. दोन माणसांचा टक्का सारखा असला तरी उपाय उलटे असू शकतात, आणि ते टक्क्यावरून कळत नाही.

सहा महिन्यांचं एक उदाहरण

हे सगळं एकत्र कसं वाचायचं, ते समजण्यासाठी एक नमुना वही पाहू. शिकणारी ए२वर आहे आणि महिन्याला वीस तास देते. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण त्यांची चाल या टप्प्यावर जशी दिसते तशीच आहे.

पहिल्या आठवड्यातल्या दोन रेकॉर्डिंगमध्ये वेग मिनिटाला ५८ आणि ६७ शब्द. सरासरी साधारण ६२, हेलकावा ९. लांब थांबे ११ आणि ९. दोन्ही मिळून भूतकाळाच्या जागा २२, बरोबर १३, म्हणजे ५९ टक्के. तपासयादीत वीसपैकी ५ ओळींना दोन किंवा जास्त गुण: वाचनात ३, ऐकण्यात १, लिहिण्यात १, सलग बोलण्यात आणि संवादात एकही नाही.

पहिल्या महिन्यानंतर वेग ६५. हा हेलकाव्याच्या आत आहे, त्यामुळे काहीच सांगत नाही. दुसऱ्या महिन्यानंतर वेग ५७, थांबे १२, आणि भूतकाळ १७ पैकी ९, म्हणजे ५३ टक्के. तिन्ही आकडे घसरले. याच ठिकाणी बरेच जण वही बंद करतात. पण लिहून काढलेला मजकूर वाचला तर वेगळं चित्र दिसतं. सुरुवातीला एका रेकॉर्डिंगमध्ये भूतकाळाच्या जागा सरासरी अकरा होत्या, आता सतरा आहेत. आधीची वाक्यं 'आय वेंट. आय सॉ. आय केम.' अशी सुटी होती. आता 'व्हेन आय वेंट', 'बिकॉज ही डिडन्ट' अशी जोडवाक्यं आली आहेत. अवघड काम करायला घेतल्यावर वेग आणि अचूकता काही काळ खाली जातात. ही घसरण मागे जाणं आहे की पुढे जाण्याची किंमत आहे, हे ओळखायची खूण एकच: वाक्यं लांब आणि जोडलेली झाली आहेत का? झाली असतील तर अभ्यास न बदलता चालू ठेवायचा. वाक्यं तेवढीच आखूड आहेत आणि तरी आकडे पडले, असं सलग दोन महिने झालं, तर मात्र सरावाचे तास खरंच होताहेत का ते तपासायचं.

तिसऱ्या महिन्यानंतर वेग ६८, चौथ्यानंतर ७४. सरासरी ६२ आणि हेलकावा ९ म्हणजे ७१च्या पुढे गेल्यावरच बदल मानायचा, तो इथे पहिल्यांदा झाला. पाचव्यानंतर ७०, पुन्हा सीमेच्या आत. एका महिन्याने हलू नये. शेवटच्या आठवड्यात, सुरुवातीसारखीच, दोन रेकॉर्डिंग केली. त्यांपैकी एक अगदी पहिल्याच चिठ्ठीवर. वेग ७९ आणि ८४, थांबे ५ आणि ६, आणि दोन्ही मिळून भूतकाळ ४१ पैकी ३४, म्हणजे ८३ टक्के. वेगाचे दोन्ही आकडे सुरुवातीच्या दोन्ही आकड्यांच्या बऱ्याच वर आहेत, त्यामुळे हा बदल खरा आहे.

ऐकण्यात सुरुवातीला १४० शब्दांपैकी ८२ बरोबर, ५९ टक्के. चुकलेल्या ५८ पैकी अनोळखी ९, ओळखीचे पण न ऐकू आलेले ३१, बारके १८. सहा महिन्यांनी १४२ पैकी ११३, म्हणजे ८० टक्के. अनोळखी तेव्हाही ९, पण ओळखीचे न ऐकू आलेले ३१ वरून ८ वर आले. म्हणजे शब्दसंग्रह फारसा न वाढता कान तयार झाला, आणि आता पुढचा फायदा शब्द वाढवण्यात आहे. बारक्यांच्या ढिगात एक गोष्ट लपलेली आहे. 'वॉक्ड', 'आस्क्ड' यांचा शेवटचा हलका उच्चार तिला ऐकू येत नव्हता आणि तिच्या बोलण्यात भूतकाळ बहुतेक वेळा अशाच क्रियापदांवर चुकत होता. कानांना जे ऐकू येत नाही ते तोंडातूनही निसटतं. दोन मोजण्या शेजारी ठेवल्या नसत्या तर हा धागा हाती लागला नसता.

तपासयादी दुसऱ्या महिन्यानंतर ७, चौथ्यानंतर ११, सहाव्यानंतर १५. कौशल्यांप्रमाणे वाचन ४, सलग बोलणं ४, ऐकणं ३, लिहिणं ३ आणि संवाद १. बी१ गाठलेली नाही. एक ओळ कमी आहे म्हणून नाही, संवाद तिथेच अडकला आहे म्हणून. १२० तासांत पायरी पूर्ण न होणं वरच्या हिशेबाशी जुळतंच. पण इथे कारणही हाती लागतं. सहा महिने मोजणी एकट्याने बोलण्याची होती आणि जे मोजलं जातं त्याचाच सराव होतो. आरशासमोर किंवा रेकॉर्डरपुढे दोन मिनिटं बोलणाऱ्याला कुणी मध्ये तोडत नाही, उलट प्रश्न विचारत नाही. त्यामुळे पुढच्या सहामाहीत रेकॉर्डिंगची पद्धत बदलायला हवी. दुसऱ्या माणसाला चिठ्ठी द्यायची, त्याने चार अनपेक्षित प्रश्न विचारायचे, आणि मोजायचं ते प्रश्न संपल्यापासून उत्तराचा पहिला शब्द येईपर्यंत किती सेकंदं गेली आणि किती उत्तरं दोन वाक्यांपलीकडे गेली.

स्वतःच्या कानावर किती विसंबावं

स्वतःचं मोजमाप स्वतः करताना दोन बाजूंनी चूक होते. बोलायला आवडणारा माणूस वेगाला सफाई समजतो आणि लाजाळू माणूस प्रत्येक चुकीला नापास होणं समजतो. म्हणून सहा महिन्यांच्या शेवटी पहिल्याच चिठ्ठीची दोन रेकॉर्डिंग, सुरुवातीचं आणि आत्ताचं, इंग्रजी चांगलं येणाऱ्या एका माणसाला ऐकवा. फाइलींची नावं 'क' आणि 'ख' ठेवा, कोणतं आधीचं ते सांगू नका. त्याला फक्त दोन प्रश्न विचारा: कोणतं ऐकायला कमी श्रम पडले, आणि कुठे अर्थ लागला नाही? 'कसं वाटलं' असं विचारलंत तर 'छान' एवढंच उत्तर मिळेल. त्याने 'आत्ताचं' निवडलं आणि कारण तुमच्या आकड्यांशी जुळलं, तर मोजणी भरवशाची. त्याला फरकच जाणवला नाही, तर वेग वाढला असेल पण समजायला सोपं झालेलं नाही. बहुतेकदा उच्चार किंवा शब्दांवरचा जोर आडवा येत असतो, आणि तो वरच्या कुठल्याच आकड्यात धरला जात नाही.

बाहेरची परीक्षा द्यायचीच असेल तर सहा महिन्यांतून एकदा द्या आणि दोन्ही वेळा तीच द्या. दोन वेगळ्या चाचण्यांचे निकाल शेजारी ठेवून प्रगती काढता येत नाही, कारण एकीत नुसते व्याकरणाचे पर्याय असतात आणि दुसरीत ऐकणं-वाचणं. फुकट मिळणाऱ्या बहुतेक चाचण्यांत बोलणं आणि लिहिणं तपासलंच जात नाही. त्यातून आलेली पायरी वहीत लिहिताना तिच्यासमोर 'फक्त वाचन आणि व्याकरण' अशी नोंद करा.

नव्या सहामाहीसाठी यादी नव्याने लिहा. सलग दोनदा तीन गुण मिळालेल्या ओळी काढून टाका आणि त्यांच्या जागी थोड्या अवघड ओळी घ्या. दोन मिनिटांच्या जागी चार, सावकाश बोलण्याच्या जागी दोन माणसांचं नेहमीच्या वेगातलं बोलणं. साहजिकच एकूण गुण खाली येतील. म्हणून नव्या यादीच्या माथ्यावर 'यादी २' असं लिहा आणि तिचा आकडा जुन्या यादीच्या आकड्याशेजारी मांडू नका.